समेवर वाजणारा फोन

मोबाइलवर आलेला फोन कुणी उचललाही नाही आणि कापलाही नाही, तर तो किती वेळ वाजतो? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. काही कंपन्यांनी हा वेळ आपापल्या सोयीने कमी करायला सुरुवात केल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, नोव्हेंबर २०१९ मध्ये तो बांधून दिला. मोबाइलला ३० सेकंद, लँडलाइनला ६० सेकंद. आवडतं गाणं कापून त्याची रिंगटोन करायला बसणाऱ्याने हा तिसाचा आकडा आधी ध्यानात घ्यावा. त्यापुढचं गाणं फोनवर कधी वाजणारच नाही. आणि फोन जवळ असला की आपण तो पाच-सात सेकंदांत उचलतो, म्हणजे एरवी ऐकू येणार ती फक्त सुरुवात.

आमच्या शेजारच्या काकूंची तक्रार नेमकी हीच होती. त्यांनी एक जुनं भावगीत सबंधच्या सबंध रिंगटोन म्हणून लावलं होतं. “अरे, बाई गायला लागायच्या आत फोन बंद होतो,” असं त्या म्हणाल्या. गाणं लावून पाहिलं तर कारण समोरच होतं. सुरुवातीला व्हायोलिनचे आणि बासरीचे संथ सूर, मग ठेका, आणि गायिकेचा आवाज येतो तो ३१ व्या सेकंदाला. मराठी भावगीतांत आणि नाट्यगीतांत अशी सुरुवात नेहमीचीच असते. ऐकायला बसलेल्या माणसाला ती हवीच असते. फोनवर मात्र तिची अडचण होते. काकूंना हवं होतं ते ध्रुपद, आणि तेही पहिल्या क्षणापासून.

हे काम फुकटात आणि नीट करून देणारं ॲप म्हणजे ‘ऑडॅसिटी’. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते लिहायला घेतलं आणि २००० साली लोकांसाठी खुलं केलं. ते कॉम्प्युटरवर चालतं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर. फोनवर थेट गाणी कापणारी फुकट ॲपही पुष्कळ आहेत आणि घाईचं काम त्यांत होतं. पण बोटाने सरकवायच्या त्या दोन खुणांमध्ये सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक पकडणं कठीण जातं, आणि रिंगटोनची सगळी मजा त्या विसाव्या भागात असते. घरात लॅपटॉप असेल तर ऑडॅसिटीच घ्यावं. इथे दिलेली मेनूंची नावं तिसऱ्या आवृत्तीची आहेत.

गाण्याची फाइल मात्र आपली हवी. गाणी ऐकवणाऱ्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं त्या ॲपच्याच कुलपात असतं. ते बाहेर काढून कापता येत नाही. सीडीवरून उतरवलेलं किंवा विकत घेतलेलं mp3 चालतं. काकूंच्या मुलाने त्यांच्या सीड्या केव्हाच mp3 करून ठेवल्या होत्या, त्यामुळे आमचा तो प्रश्न सुटला. कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात खाजगी, वैयक्तिक वापराला सवलत आहे. स्वतःच्या फोनपुरता तुकडा ठेवणं वेगळं आणि तो शंभर जणांना वाटणं वेगळं.

फाइल ऑडॅसिटीच्या खिडकीत ओढून टाकली की गाणं निळ्या पट्ट्यासारखं पसरलेलं दिसतं. आवाज मोठा तिथे पट्टा जाड, बारीक तिथे अरुंद. काकूंच्या गाण्यात सुरुवातीचा भाग दोऱ्यासारखा होता आणि ३१ व्या सेकंदाजवळ तो एकदम भरला. बहुतेक जण इथेच माउसने अंदाजाने तीस सेकंदांचा तुकडा निवडतात, कापतात आणि मोकळे होतात. फोन वाजतो, पण ऐकताना काहीतरी खटकत राहतं. तुकडा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होताना ठेका मध्येच ठेचकाळतो. काहीजण त्यावर शेवटी आवाज हळूहळू विझवायचा उपाय करतात. त्याने ठेच लपते, पण फोन पुन्हा वाजायला लागतो तेव्हा तो उचलायची आठवण करून देण्याऐवजी मधेच बंद पडल्यासारखा वाटतो.

खरा उपाय तालात आहे. काकूंचं गाणं केरव्यात होतं. धा गे ना ती, ना क धी ना, अशा आठ मात्रा. पहिलीवर सम, पाचवीवर काल. तुकड्याची लांबी पूर्ण आवर्तनांची ठेवली, तर शेवटाकडून सुरुवातीकडे जाताना ठेका अखंड चालू राहतो आणि गाणं वळून आलं हे कानाला जाणवतही नाही. दादरा असेल तर सहा मात्रांचा हिशेब करायचा, एवढाच फरक.

आवर्तन केवढं आहे ते मोजायला ऑडॅसिटीत एक सोपी सोय आहे. गाणं चालू ठेवायचं आणि दर समेला Ctrl+M दाबायचं. मैफलीत हाताने टाळी देतो तसंच. पट्ट्याखाली दर वेळी एक खूण पडते. आपलं बोट कधी जरा आधी पडतं, कधी उशिरा, त्यामुळे या खुणा नेमक्या नसतात. त्या फक्त कुठे पाहायचं ते सांगतात. मग त्या जागी पट्टा मोठा करून पाहायचा. Ctrl+1 दाबत गेलं की तो ताणला जातो आणि तबल्याचा प्रत्येक आघात उभ्या काट्यासारखा वेगळा दिसू लागतो. डावीकडे एकदम उंच आणि उजवीकडे उतरत जाणारा. सम म्हणजे त्या काट्याची डावी कड. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत निवड केली की खालच्या पट्टीत लांबी दिसते. काकूंच्या गाण्यात ती चार सेकंद भरली, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. सात आवर्तनांचे झाले २८ सेकंद. तीसच्या आत आणि तीसच्या जवळ.

आता कापायचं कुठून? समेवरून, असं कुणालाही वाटेल. पण आपल्या गाण्यांत मुखडा पुष्कळदा समेवर सुरू होत नाही. तो आधी उठतो आणि समेवर येऊन पडतो. काकूंच्या गाण्यातलं ध्रुपद कालेपासून, म्हणजे पाचव्या मात्रेपासून उठत होतं आणि त्यातला मुख्य शब्द समेवर येत होता. समेपासून कापलं असतं तर पहिले दोन शब्द गेले असते आणि फोन अर्ध्या ओळीतून बोलू लागला असता. म्हणून सुरुवात कालेवर धरली आणि शेवटही सात आवर्तनांनंतरच्या कालेवरच. आवर्तनात सुरुवात जिथे असेल तिथेच शेवट, एवढं पाळलं की जोड बसतो.

हिशेबाने शेवट ५९.४ सेकंदांवर यायला हवा होता, कारण सुरुवात ३१.४ वर होती. प्रत्यक्षात काल सापडली ५९.१ वर. यात कुणाची चूक नव्हती. त्या काळची गाणी सगळे वादक एकत्र बसून वाजवत, यंत्राच्या ठोक्यावर नव्हे, आणि गाणं रंगात आलं की लय किंचित चढते. त्यामुळे गुणाकार करून आलेल्या आकड्यावर डोळे मिटून कापू नये. आकडा जवळपास नेऊन सोडतो. शेवटची जागा काटा पाहून आणि कानाने ठरवायची. तुकडा निवडून L दाबलं आणि मग वाजवलं की तो फिरून फिरून वाजत राहतो. जोडावर लक्ष ठेवून पाच-सहा फेऱ्या ऐकायच्या. ठेका दचकला तर शेवट जरा आधी झालेला असतो, रेंगाळला तर जरा उशिरा. निवडीची कड एवढीशी सरकवून पुन्हा ऐकायचं. आमचा तुकडा अखेर २७.७ सेकंदांचा झाला.

सुरुवातीच्या कडेला आणखी एक फसगत असते. स, श, ह यांसारख्या अक्षरांनी शब्द सुरू होत असेल, तर त्यांचा आवाज म्हणजे नुसती हवा असते. पट्ट्यावर ती इतकी बारीक दिसते की तिथे काहीच नाही असं वाटतं. पट्टा जाड होतो तो पुढच्या स्वरापासून. डोळ्यावर विसंबून जाड भागापासून कापलं की ‘सांज’चं ‘आंज’ होतं. क, ट, प ही अक्षरं एका झटक्यात फुटतात, ती सहसा हाताला लागतात. म्हणून पट्टा ताणून स्वराच्या आधीची ती फिकट कुसळं शोधायची आणि निवड त्यांच्याही थोडी मागे न्यायची. पण फार मागे नाही. गायिकेने शब्दाआधी घेतलेला श्वास एरवी गाण्यात गोड वाटतो; फोनच्या पहिल्याच क्षणी तो सुस्काऱ्यासारखा ऐकू येतो. डाव्या कडेला जेवढं मागे गेलो तेवढंच उजव्या कडेलाही मागे यायला हवं, नाहीतर आवर्तनाची लांबी बिघडते.

निवड पक्की झाली की Z हे अक्षर दाबायचं. मेनूत याचं नाव At Zero Crossings असं आहे. आवाज म्हणजे स्पीकरच्या पडद्याचं पुढेमागे हलणं. ती हालचाल ऐन भरात असताना कापलं, तर पडद्याला एका क्षणात उडी मारावी लागते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. Z दाबल्यावर निवडीच्या दोन्ही कडा, पडदा मधल्या स्थितीतून जात असेल अशा जवळच्या जागी सरकतात. फरक इतका सूक्ष्म की तालाला धक्का लागत नाही. एवढं करूनही टक् राहिलाच तर पहिला सेकंदाचा पन्नासावा भाग निवडून Effect मेनूतलं Fade In वापरावं. याहून मोठं Fade In देऊ नये. दोन-तीन सेकंद आवाज हळूहळू चढवला, तर फोन तेवढा वेळ मुका राहतो आणि आपण मुद्दाम शोधून काढलेले शब्द त्यातच बुडतात.

यानंतर Ctrl+T. निवडीबाहेरचं सगळं गाणं दिसेनासं होतं आणि तुकडा उरतो. काढून टाकलेला भाग खरं तर नष्ट झालेला नसतो. तुकड्याची कड धरून बाहेर ओढली की तो परत दिसतो, त्यामुळे इथे घाबरायचं कारण नाही. मात्र तुकडा आपल्या मूळ जागीच, म्हणजे ३१ व्या सेकंदालाच उभा असतो आणि त्याच्या डावीकडे रिकामी जागा पडलेली असते. फाइल बाहेर काढताना Export Audio च्या खिडकीत Trim blank space before first clip अशी एक चौकट असते. तिच्यात खूण केली नाही, तर ती रिकामी जागाही फाइलमध्ये जाते. असा फोन ३१ सेकंद गप्प बसेल, आणि वाजायचा वेळ तर तिसाव्या सेकंदालाच संपलेला असेल. रिंगटोन लावली पण फोन वाजतच नाही, अशी तक्रार आली की मी आधी ही चौकट पाहतो.

पण बाहेर काढण्याआधी स्पीकरचा विचार करायला हवा. लॅपटॉपला हेडफोन लावून ऐकलेलं गाणं आणि फोनच्या तळाशी असलेल्या नखाएवढ्या स्पीकरमधून येणारं गाणं यांत फार अंतर असतं. एवढासा पडदा खर्जातल्या आवाजासाठी पुरेशी हवा ढकलूच शकत नाही. डग्ग्याची घुमारेदार ‘धा’ फोनवर जवळजवळ नाहीशी होते आणि उरते ती तबल्याच्या चाटेची टणटण. ढोलकीच्या गाण्याचंही तसंच. धुमेचा बाजू जातो, शाईच्या बाजूचे बोल राहतात. बाईचा आवाज, हार्मोनियम, सनई, बासरी हे सगळं नीट पोचतं. त्यामुळे रिंगटोनसाठी जागा निवडताना घुमणाऱ्या ठेक्यावर फार भरवसा ठेवू नये.

न ऐकू येणारा हा खर्ज नुसता वाया जात नाही, तो जागाही अडवतो. फाइलमध्ये आवाज किती मोठा करता येईल याला वरची मर्यादा असते, आणि पट्ट्यातले सर्वांत उंच काटे सहसा डग्ग्याचे असतात. ते मर्यादेला टेकले की गायिकेचा आवाज आणखी वाढवता येत नाही. म्हणून Effect मेनूत High-Pass Filter घ्यायचं आणि Frequency च्या चौकटीत 200 लिहायचं. याने २०० हर्ट्‌झच्या खालचा भाग दबतो, म्हणजे फोनला पेलणारच नव्हता तो. पट्ट्यातले काटे लगेच बुटके झालेले दिसतात आणि वरती मोकळी जागा होते. मग त्याच मेनूतलं Normalize वापरलं की ती जागा भरून निघते. त्यातला मुळात असलेला −१ डेसिबलचा आकडा तसाच ठेवावा. याऐवजी Amplify घेऊन, त्यातली Allow clipping ही चौकट सुरू करून आवाज रेटून वाढवणारेही असतात. तेव्हा पट्ट्याची डोकी कापल्यासारखी सपाट होतात आणि फोनवर गाणं फाटतं. जुन्या रेकॉर्डिंगला तर हे अजिबात सोसत नाही.

फाइल कोणत्या प्रकारची काढायची, यावर थोडं थांबू. mp3 सगळीकडे चालतं, पण त्याची रचना अशी आहे की फाइल तयार होताना दोन्ही टोकांना थोडी शांतता आपोआप चिकटते. एरवी ती कळत नाही. आपण मात्र सात आवर्तनं काळजीने जोडली आहेत, आणि त्या जोडावर सेकंदाच्या विसाव्या भागाएवढी जरी पोकळी आली तरी अर्ध्या सेकंदाच्या मात्रेत ती कानाला लागते. अँड्रॉइड फोनसाठी Format मध्ये Ogg Vorbis Files निवडलं तर ही पोकळी राहत नाही. दोन्ही प्रकारांनी काढून एकापाठोपाठ ऐकलं तर फरक स्वतःच कळेल.

फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, फोनवर फाइल पाठवण्याचा पर्याय निवडायचा आणि तयार फाइल Ringtones नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. फोल्डर नसेल तर त्याच नावाने करायचा. मग सेटिंग्जमध्ये आवाजाच्या भागात जाऊन फोनची रिंगटोन निवडायची. शब्द प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असतात. यादीत नाव दिसत नसेल तर फोन एकदा बंद करून सुरू केला की बहुधा दिसतं. आयफोनला हा रस्ता लागू नाही. तिथे WAV फाइल काढून ॲपलच्याच गॅरेजबँड या फुकट ॲपमध्ये नेता येते आणि तिथून ती रिंगटोन म्हणून देता येते. गॅरेजबँडची मर्यादाही ३० सेकंदांचीच आहे, आपला तुकडा तीत बसतो.

पुष्कळ जण इथे आणखी एक अपेक्षा ठेवतात: आता आपल्याला फोन करणाऱ्यालाही हेच गाणं ऐकू येईल. तसं होत नाही. ती कॉलर ट्यून. ती टेलिफोन कंपनीकडून लावून घ्यावी लागते आणि आपण कापलेल्या फाइलशी तिचा काही संबंध नसतो.

काकूंचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, कुकर लावला, नळ सोडला आणि मी बाहेरून फोन केला. पहिल्या फेरीत शब्द नीट कळले नाहीत. कुकरच्या आवाजात तबल्याची टणटण तेवढी पुढे येत होती. मग त्यांच्याकडे परत बसून फिल्टरचा आकडा २०० वरून ३०० वर नेला, पुन्हा Normalize केलं, आणि दुसऱ्या फेरीत त्यांना बाहेरच्या खोलीतूनही मुखडा ओळखू आला. फिल्टरचा योग्य आकडा फोनप्रमाणे बदलतो, म्हणून ही परीक्षा ज्या फोनवर गाणं वाजणार त्याच फोनवर आणि तो एरवी जिथे पडलेला असतो तिथेच घ्यावी. कुणाचा खिशात असतो, कुणाचा पर्सच्या तळाशी. कापडाने बारीक आवाज दबतात. तिथे आकडा फार वर नेऊन चालत नाही.

एका बाबतीत मात्र मी काकूंना आग्रह केला. हे गाणं सगळ्या फोनना लावू नका. बँकेचे, कर्जवाल्यांचे, कुरियरवाल्यांचे फोन दिवसभर येत असतात आणि त्या प्रत्येकाबरोबर तोच मुखडा वाजला, तर महिन्याभरात तो कानाला नकोसा होतो. पुढे रेडिओवर ते गाणं लागलं तरी हात फोनकडे जातो. संपर्कांच्या यादीत एखादं नाव उघडलं की बहुतेक अँड्रॉइड फोनांत त्या नावापुरती वेगळी रिंगटोन लावता येते. काकूंनी ती पुण्यातल्या बहिणीच्या नावाला लावली, आणि बाकीच्यांसाठी फोनची मूळ घंटी ठेवली. ऑडॅसिटीतलं काम .aup3 फाइल म्हणून जपून ठेवलं आहे, कारण आता त्यांना मुलासाठी त्याच गाण्याचा अंतरा हवा आहे, आणि त्यात बासरीचा तुकडा समेच्या दोन मात्रा आधी उठतो.